एनडीएचं मराठी भाषांतर तपासताना ‘गोपनीय माहिती’चा अर्थ सरकलाय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातले टॉवेलवाले, चादरवाले, युनिफॉर्म शिवून बाहेर पाठवणारे यांच्याकडून माझ्याकडे एनडीए, म्हणजे मिळालेली माहिती बाहेर न फोडण्याचे करार, येतात, कधी भाषांतर करायला आणि जास्त वेळा दुसऱ्याने केलेलं भाषांतर तपासायला. फोनवर आणि व्हॉट्सअपवर प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळा एनडीए इथे घेतलेला नाही, फक्त एकच कलम घेतलंय, ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या आणि तिचे अपवाद. बाकीची सगळी कलमं याच व्याख्येवर उभी असतात, ही सरकली की ती सगळी सरकतात.

१. एनडीए कंपनीने सही केला ना, मग माझ्या डाईंगवाल्याला आणि डिझाईनवाल्याला मराठीत कशाला लागतो?

कारण बायरच्या इंग्रजी करारात बहुतेक वेळा असं असतं की ज्यांना ज्यांना तुम्ही आमची माहिती द्याल त्यांच्याकडूनही याच अटींवर सही घ्या. ही साखळी जुनी आहे. सुप्रीम कोर्टाचा १९६७ चा गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा निकाल बघा, कल्याणचा टायर कॉर्डचा कारखाना होता, परदेशी भागीदार कंपन्यांनी तंत्र देताना अट घातली होती की तुमच्या नोकरांकडूनही गुप्ततेचा करार करून घ्या, आणि भांडण शेवटी एका शिफ्ट सुपरवायझरच्या करारावर आलं. आपल्याकडे तेच टॉवेलच्या बाबतीत होतं एवढंच.

दुसरं म्हणजे भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. कायदा आयोगाने २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो करा अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे. म्हणजे संरक्षण मुख्यतः करारातल्या शब्दांवर टिकून आहे, आणि डाईंगवाल्याने सही केलेले शब्द मराठी असतील तर त्या मराठी शब्दांवर.

२. कॉन्फिडेन्शियलला ‘गोपनीय’ म्हणायचं, ‘गुप्त’ म्हणायचं की ‘खाजगी’? तिन्ही बघितलेत.

गोपनीय. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही ‘गोपनीय अहवाल’ म्हणजे काय ते माहीत असतं, ठराविक लोकांनी बघायचा, बाकीच्यांनी नाही. एनडीएत नेमकं तेच हवं असतं.

‘गुप्त’ने अर्थ आवळतो. गुप्त म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं जी कुणालाच माहीत नाही ती. बायरने दिलेला दर बायरच्या ऑफिसात दहा जणांना माहीत असतो, तुमच्या ऑफिसात पाच जणांना, तो गुप्त कुठाय? पण गोपनीय नक्की आहे. ‘खाजगी’ने अर्थ बाजूलाच जातो, खाजगी म्हणजे घरचं, वैयक्तिक. आणि एक चोरटी अडचण आहे ती ‘गोपनीयता’ या शब्दाची. मोबाईल ॲपवाल्यांनी प्रायव्हसी पॉलिसीला ‘गोपनीयता धोरण’ केल्यापासून बऱ्याच जणांना गोपनीयता म्हणजे आधार नंबर, फोन नंबर, फोटो असंच वाटतं. त्यामुळे कराराच्या मथळ्यात ‘गोपनीयता करार’ असला तरी चालतंय, पण व्याख्येत ‘गोपनीय माहिती’च ठेवा आणि ती व्यावसायिक आणि तांत्रिक माहिती आहे हे पहिल्या ओळीत येऊ द्या.

कुठला शब्द निवडला यापेक्षा जास्त नुकसान मिसळामिसळीने होतं. व्याख्येत ‘गोपनीय’, चौथ्या कलमात ‘गुप्त’, सातव्यात ‘संवेदनशील’ असं आलं की समोरचा वकील विचारणारच, तीन शब्द वापरलेत म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत ना? आपल्याला शाळेत शिकवलंय की तोच शब्द परत परत वापरू नका, निबंध कंटाळवाणा होतो. करार कंटाळवाणाच पाहिजे.

३. आमच्या भाषांतरात ‘उघड केलेली माहिती’ असं आहे. डिस्क्लोज म्हणजे उघड करणेच ना?

शब्दकोशात हो. पण मराठीत ‘उघड’ झालेली गोष्ट म्हणजे सगळ्यांना कळलेली गोष्ट. ‘माहिती उघड करणारा पक्ष’ असं वाचलं की साध्या माणसाला वाटतं हा फोडणारा पक्ष, म्हणजे गुन्हेगार हाच. एका जेकार्ड डिझाईन करणाऱ्या काकांनी मला खरंच विचारलं होतं, “उघड केली म्हणता, मग ती गोपनीय राहिली कुठं ओ?” बरोबर होतं त्यांचं.

इंग्रजीत एकच शब्द दोन कामं करतो. बायर तुम्हाला विश्वासाने माहिती देतो तेही डिस्क्लोज, आणि तुम्ही ती बाहेर फोडता तेही डिस्क्लोज. मराठीत दोन शब्द लागतात. व्याख्येत ‘दिलेली’ किंवा ‘कळवलेली’, पक्षांची नावं ‘माहिती देणारा पक्ष’ आणि ‘माहिती घेणारा पक्ष’, आणि बंदीच्या कलमात ‘उघड करणार नाही’. तपासताना ‘उघड’ शब्द जिथे जिथे आलाय तिथे बोट ठेवून विचारा, इथे कोण कुणाला देतंय? देणारा मालक असेल तर ‘उघड’ काढा.

आणि पक्षांना ‘कंपनी’ आणि ‘कामगार’ अशी नावं दिली असतील तर आधी मूळ करार बघा. मूळ करार दुतर्फी असेल, म्हणजे दोघंही एकमेकांना माहिती देणार असतील, तर या नावांनी तो एकतर्फी होऊन बसतो आणि डाईंगवाल्याची स्वतःची माहिती व्याख्येतून बाहेर पडते.

४. भाषांतर वाचायला एकदम छान वाटतंय, काही सुटलंय का हे मला कसं कळणार?

वाचून कळत नाहीच. छान वाचलं जाणारं भाषांतर उलट जास्त जपून बघावं लागतं कारण भाषांतर करणाऱ्याने वाक्य सुटसुटीत करताना अडखळणारे तुकडे काढलेले असतात, आणि करारात अडखळणारे तुकडेच कामाचे असतात. मी शब्दाला शब्द लावून बघण्याच्या आधी एक वस्तूंची चाचणी करतो, ती सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलवाल्यांचं काम होतं, तपशील थोडे बदललेत. बायरचा चार पानी इंग्रजी एनडीए, त्याचं मराठी डाईंगवाल्याला सही करायला द्यायचं होतं. इंग्रजी व्याख्येचा आशय असा होता की कराराच्या तारखेआधी किंवा नंतर, तोंडी, लेखी किंवा इतर कुठल्याही प्रकारे दिलेली कुठलीही माहिती, तिच्यावर कॉन्फिडेन्शियल लिहिलेलं असो नसो, त्यात डिझाईन, नमुने, दर, ग्राहकांची यादी वगैरे आलं पण तेवढंच नाही, आणि त्या माहितीवरून घेणाऱ्याने केलेल्या नोंदीसुद्धा. मराठीत हे असं आलं होतं:

“गोपनीय माहिती म्हणजे माहिती देणाऱ्या पक्षाने लेखी स्वरूपात दिलेली व गोपनीय असे नमूद केलेली डिझाईन, नमुने, दर व ग्राहकांची यादी.”

वाचायला किती गोड आहे बघा. एका ओळीत बसलं.

आता त्या धंद्यात खरोखर हातातून हातात जाणाऱ्या सहा गोष्टी मी कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकीला दोनदा विचारलं, इंग्रजीप्रमाणे ही आत की बाहेर, मराठीप्रमाणे आत की बाहेर.

पहिली, बायरच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर सांगितलेले पुढच्या सीझनचे तीन रंग. इंग्रजीत आत. मराठीत बाहेर, कारण लेखी नाही. दुसरी, व्हॉट्सअपवर आलेला नवीन बॉर्डरचा फोटो. इंग्रजीत आत, मराठीत बाहेर, फोटोवर ‘गोपनीय’ कुणी लिहून पाठवतंय का? तिसरी, सही व्हायच्या दोन महिने आधी कुरिअरने आलेलं सॅम्पल. इंग्रजीत आत, मराठीत बाहेर, टॉवेलच्या तुकड्यावर कुठला शिक्का, आणि तारखेआधीचं धरायचं का नाही याबद्दल तर मराठी चक्क गप्प आहे. चौथी, ५०० जीएसएमच्या टॉवेलची स्पेसिफिकेशन शीट, पाईलला कुठलं सूत, ग्राउंडला कुठलं, श्रिंकेज किती चालेल, वर ठळक शिक्का मारलेला. इंग्रजीत आत. मराठीत शिक्का असून, लेखी असूनही बाहेर, कारण यादी बंद झालीय आणि यादीत स्पेसिफिकेशन नाही. पाचवी, डाईंगवाल्याने बायरचं सॅम्पल मॅच करताना आपल्या वहीत लिहिलेल्या ट्रायलच्या नोंदी. इंग्रजीत आत, मराठीत बाहेर. सहावी, त्याच डाईंगवाल्याची स्वतःची जुनी शेडची वही, या बायरच्या कितीतरी आधीपासूनची. दोन्हीकडे बाहेर.

सहापैकी एकाच गोष्टीवर दोन्ही भाषांचं एकमत, आणि ती गोष्टही बायरची नाहीच. मालक म्हणाले, “एवढा मोठा करार आणि एक रंग पण वाचत नाही की ओ यात.”

मग त्याच व्याख्येचं मी असं केलं:

“‘गोपनीय माहिती’ म्हणजे माहिती देणाऱ्या पक्षाने या कराराच्या तारखेपूर्वी किंवा त्यानंतर माहिती घेणाऱ्या पक्षाला दिलेली, सांगितलेली किंवा दाखवलेली कोणतीही व्यावसायिक किंवा तांत्रिक माहिती, मग ती तोंडी असो, लेखी असो, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असो, नमुन्याच्या रूपात असो किंवा अन्य कोणत्याही प्रकारे दिलेली असो, आणि तिच्यावर ‘गोपनीय’ अशी खूण असो वा नसो. डिझाईन, नमुने, दर व ग्राहकांची यादी ही तिची काही उदाहरणे आहेत. व्याख्या एवढ्यापुरती मर्यादित नाही. अशा माहितीवरून माहिती घेणाऱ्या पक्षाने तयार केलेल्या नोंदी व प्रतीसुद्धा ‘गोपनीय माहिती’ समजल्या जातील.”

एका वाक्याची चार वाक्यं झाली, लांबलं, पण सहाच्या सहा गोष्टी इंग्रजीशी जुळल्या. तुमच्या धंद्यातल्या सहा-आठ गोष्टी घ्या, त्यात एकदोन नक्की बाहेर असायला पाहिजेत अशा मुद्दाम घाला, नाहीतर व्याख्या गरजेपेक्षा मोठी झालीय का ते कळणार नाही.

५. पण एकाच वाक्यात का बसत नाही? मराठीत लांब वाक्यं होतातच की.

होतात, पण मराठीत विशेषणं नामाच्या आधी येतात. इंग्रजीत आधी माहिती म्हणतात आणि मग तिच्यामागे शेपूट लावत जातात. मराठीत ते सगळं शेपूट उचलून पुढे आणावं लागतं, “लेखी स्वरूपात दिलेली डिझाईन, नमुने व दर” असं, आणि आता सांगा ‘लेखी स्वरूपात दिलेली’ हे फक्त डिझाईनला लागू आहे की तिघांनाही? दोन्ही वाचता येतं. यावर उपाय एकच, आधी नाम सांगून टाकायचं आणि मग ‘मग ती अशी असो, तशी असो’ करून गुण जोडायचे.

‘व’ आणि ‘किंवा’ पण याच ठिकाणी घोळ करतात. ‘तोंडी व लेखी दिलेली’ म्हटलं की कुणीही म्हणू शकतो की आधी तोंडी आणि मग लेखी, दोन्ही झालं पाहिजे. इंग्रजीत ऑर असेल तिथे मराठीत किंवा आहे का, एवढं पेन्सिलीने टिक करत जा.

६. ‘इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू’ला ‘इत्यादी’ लावलं तर चालतंय का?

काहीच नसण्यापेक्षा बरं, पण मला आवडत नाही. ‘इत्यादी’ म्हणजे त्याच जातीच्या बाकीच्या गोष्टी असा अर्थ निघतो. डिझाईन, नमुने, रंग इत्यादी म्हटल्यावर त्यात पेमेंटच्या अटी बसतात हे पटवणं अवघड आहे. ‘ही उदाहरणे आहेत, व्याख्या एवढ्यापुरती मर्यादित नाही’ असं स्वतंत्र वाक्य टाका. ‘ज्यामध्ये अमुक तमुक समाविष्ट आहे’ एवढंच लिहून सोडलेलं असेल तर ते अर्धवट आहे, मागचा ‘पण तेवढंच नाही’ हा तुकडा गळलाय.

७. इंग्रजीत दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं मोठी असतात. मराठीत मोठी अक्षरं नाहीत, मग?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि तो चांगला आहे. इंग्रजीत मोठ्या अक्षरातलं म्हणजे ‘वर व्याख्या केलेली ती’, आणि लहान अक्षरातलं म्हणजे सर्वसाधारण अर्थाने. मराठीत दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून व्याख्या केलेला शब्द संपूर्ण करारात एकेरी अवतरणात किंवा ठळक ठेवा आणि ते पहिल्याच कलमात लिहून टाका.

तपासायला इंग्रजी फाईलमध्ये `Ctrl+F` करून `Confidential Information` टाका, शोधताना मोठं-लहान अक्षर जुळवण्याचा पर्याय चालू ठेवा, आकडा लिहून घ्या. मग मराठीत ‘गोपनीय माहिती’ शोधा. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतात, माहितीचा, माहितीला, पण ‘गोपनीय माहिती’ एवढाच भाग शोधला की ते सगळे सापडतात. ‘माहितीं’ असं अनुस्वाराचं अनेकवचन कुणी केलं असेल तर ते कधी कधी सुटतं, डोळ्याने बघा. आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत असं नाही कारण मराठीत ‘ती’, ‘तिचा’ येतं, पण इंग्रजीत २६ आणि मराठीत १७ असेल तर नऊ ठिकाणी काय लिहिलंय ते उघडून बघायलाच पाहिजे. बहुतेक वेळा तिथे नुसतं ‘माहिती’ सापडतं. नुसत्या माहितीने अर्थ फुगतो, मग सगळीच माहिती बांधली जाते.

८. अपवादांमध्ये काय बघायचं? ‘पब्लिक डोमेन’ला आमच्याकडे ‘सार्वजनिक मालकीची’ केलंय.

ते चूक आहे. सार्वजनिक मालकी म्हटलं की महापालिकेचा बगीचा आठवतो. इथे मालकीचा प्रश्नच नाही, ‘सर्वांना सहज उपलब्ध असलेली’ एवढाच अर्थ आहे.

पण त्याच्याही मागे एक तुकडा असतो तो जास्त महागात पडतो. इंग्रजीत असतं की जी माहिती सगळ्यांना उपलब्ध झाली, पण घेणाऱ्या पक्षाने करार मोडल्यामुळे नव्हे. हा शेवटचा भाग मराठीत गळला तर काय होतं बघा. डाईंगवाल्याने बायरच्या नवीन बॉर्डरचा फोटो स्टेटसला टाकला, तो चार ग्रुपवर फिरला, आता ती माहिती सर्वांना उपलब्ध झाली, म्हणजे अपवादात बसली, म्हणजे गोपनीय राहिली नाही, म्हणजे त्याने काही मोडलंच नाही असं म्हणायला जागा झाली. फोडणाऱ्याने फोडूनच स्वतःची सुटका करून घेतली. म्हणून मराठीत असं पाहिजे: “माहिती घेणाऱ्या पक्षाने या कराराचा भंग केल्याशिवाय अन्य मार्गाने सर्वांना उपलब्ध झालेली माहिती.”

‘आधीपासून माहीत असलेली’ या अपवादातही बघा की इंग्रजीत ‘लेखी नोंदींवरून दाखवता येईल अशी’ आहे का. ते सुटलं तर प्रत्येक जण म्हणणार मला आधीच माहीत होतं. आणि ‘स्वतंत्रपणे विकसित केलेली’मध्ये ‘गोपनीय माहितीचा वापर न करता’ हे जोडलेलं पाहिजे, नाहीतर प्रश्न ४ मधल्या ट्रायलच्या नोंदी इथून बाहेर सटकतात.

९. व्याख्या मराठीत जास्त मोठी झाली तर आपल्याला फायदाच ना? जास्त संरक्षण.

देणाऱ्याला वाटतं तसं. पण फुगलेली व्याख्या सही करणाऱ्याच्या गळ्याशी येते आणि मग कोर्टात तुमच्याही. ‘नो-हाऊ’चं उदाहरण घ्या. मी दोन-तीन भाषांतरांत त्याचं ‘कौशल्य’ झालेलं बघितलंय. कौशल्य माणसाच्या हातात असतं. तीस वर्षं जेकार्डवर काढलेल्या मास्टरने अशा कागदावर सही केली तर वाचणारा म्हणेल की त्याचं हातातलं कसबच कंपनीची गोपनीय माहिती झाली, दुसऱ्या लूमवर बसायचंच नाही. करार कायदा १८७२ चं कलम २७ धंदा-नोकरी करण्यावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवतं, त्यामुळे समोरचा नेमका हाच शब्द पकडून सगळ्या व्याख्येवर हल्ला करणार. नो-हाऊला ‘काम करण्याची कंपनीची विशिष्ट पद्धत व तांत्रिक तपशील’ असं फोडून लिहा.

उलटं पण होतं. काही करारांत इंग्रजीतच अट असते की तोंडी सांगितलेली माहिती ३० दिवसांत लेखी कळवली तरच गोपनीय. भाषांतर करणाऱ्याने ती अट चुकून गाळली तर मराठी करार मूळापेक्षा मोठा झाला. तुम्ही तपासताना कुणाच्या बाजूने आहात ते विसरून दोन्ही बाजूंचं सरकणं लिहून काढा. मूळ करारच वाईट असेल तर तो वकिलाकडून बदलून घ्या, भाषांतरात गुपचूप सुधारू नका.

१०. करारात लिहिलंय की वाद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरावी. मग मराठीत चूक असली तरी काय बिघडलं?

हे कलम असणं चांगलंच, ठेवाच. पण ते वाद झाल्यावर कामाला येतं. डाईंगवाला रोज सकाळी जे पाळणार ते त्याने वाचलेलं मराठी पाळणार. त्याच्या कागदावर लिहिलंय की शिक्का असेल तरच गोपनीय, तर तो बिनशिक्क्याचा फोटो दाखवणारच दुसऱ्या पार्टीला, आणि बायर गेल्यावर इंग्रजी प्रत काढून काय उपयोग?

दुसरं, करार कायद्याचं कलम १३ म्हणतं की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला तुम्हीच चुकीचं मराठी दिलंत तर तो नेमकं यावर बोट ठेवू शकतो. आणि बऱ्याच ठिकाणी तर त्याच्या हातात इंग्रजी प्रत दिलेलीच नसते, सही फक्त मराठीवर. मग ग्राह्य धरायची ती प्रत त्याने बघितलीय तरी का, हा पहिला सवाल येतो. दोन्ही प्रतींवर सही घ्या.

११. आमच्याकडे निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत पण करायचा का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेकांना मराठी बोलता येतं, पण कराराचं मराठी वाचणं वेगळं. तिसरी लेखी प्रत केली की तपासायला तिसरी व्याख्या आली, त्यामुळे मी शक्यतो टाळतो. त्यापेक्षा व्याख्येचं कलम तेलुगूत तोंडी समजावा आणि शेवटी ‘वाचून दाखवले व तेलुगूत समजावून सांगितले’ अशी ओळ टाकून समजावणाऱ्याची सही घ्या. समजावणारा कंपनीचाच मॅनेजर नसला तर जास्त बरं. आणि समजलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. प्रश्न ४ मधल्यासारख्या दोन-तीन गोष्टी दाखवून विचारा, हा फोटो तुम्ही दुसऱ्याला दाखवू शकता का? उत्तर चुकलं तर परत समजावा.

१२. बॅक ट्रान्सलेशन करून घेतलं तर पुरतं का?

मदत होते, पण ज्याने मूळ इंग्रजी बघितलेलं नाही अशाच माणसाकडून करून घ्या. बघितलेलं असेल तर तो नकळत मूळ वाक्यच आठवून लिहितो आणि चूक झाकली जाते. गळलेले तुकडे बॅक ट्रान्सलेशनमध्ये पटकन दिसतात. ‘उघड’सारखे घोळ मात्र दिसत नाहीत, कारण ‘उघड केलेली’चं परत इंग्रजी केलं की डिस्क्लोज्डच येतं आणि सगळं जुळल्यासारखं वाटतं. त्यासाठी प्रश्न ३ मधली बोट ठेवायची पद्धतच.

सगळा करार करायला पैसे जात असतील तर फक्त व्याख्या आणि अपवाद, एवढंच करून घ्या.

१३. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला जीआय आहे, म्हणजे सगळ्यांचंच झालं. मग त्याची माहिती गोपनीय कशी असेल?

जीआय हे नावाचं आणि मूळ ठिकाणाचं संरक्षण आहे. त्या नोंदणीत विणकामाची पद्धत वगैरे जे वर्णन दिलेलं आहे ते उघड रेकॉर्ड आहे, ते कुणी गोपनीय म्हणू शकत नाही आणि ते अपवादातच बसतं (प्रश्न ८). पण बायरने पाठवलेलं अमुक डिझाईन, त्याचा दर, त्याची पुढच्या सीझनची रंगसंगती यांचा जीआयशी काही संबंध नाही, ते आतच.

भाषांतरात गडबड होते ती ‘पारंपरिक’ शब्दाने. एका करारात इंग्रजीत होतं ‘सर्वसाधारणपणे या धंद्यात माहीत असलेली माहिती’ अपवाद आहे, मराठीत झालं ‘पारंपरिक ज्ञान’. मग इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर चालणारी सगळ्यांना माहीत असलेली साधी सेटिंगही अपवादातून बाहेर पडली, कारण ती पारंपरिक नाही. ‘या व्यवसायातील लोकांना सर्वसाधारणपणे माहीत असलेली’ असं सरळ लिहा.

१४. सह्या झाल्यात, आता चूक सापडली. काय करू?

मूळ कागदावर खाडाखोड करू नका आणि पान बदलू तर अजिबात नका. दोन्ही पक्षांनी सही करायचं एक छोटं दुरुस्तीपत्र करा, ज्यात जुनं कलम जसंच्या तसं, नवीन कलम पूर्ण, आणि कुठल्या तारखेपासून लागू ते असेल. नुसतं ‘लेखी हा शब्द वगळावा’ असं तुकड्यातुकड्याने लिहिलं तर नवीन घोळ होतो, पूर्ण कलमच परत लिहा. मसुदा वकिलाला दाखवा. बायरचा करार तुम्हाला बांधत असेल तर त्यांनाही इंग्रजीत कळवा.

मधल्या काळात जुन्या व्याख्येप्रमाणे बाहेर असलेली माहिती समोरच्याने कुणाला दाखवली असेल, तर ती नवीन पत्राने आपोआप मागे जाऊन गोपनीय होईल असं धरून चालू नका. वरच्या टॉवेलवाल्यांनी म्हणून डाईंगवाल्याला समोर बसवून विचारलं की आत्तापर्यंत काय काय कुणाला दाखवलंत. दोन फोटो एका दुसऱ्या पार्टीला गेले होते. ते दोन फोटो तारखेसकट दुरुस्तीपत्राच्या खाली लिहिले, ‘हे वगळून’ असं, आणि मग सह्या झाल्या.